मलपृष्ठावरचा एक काना

पुस्तकाच्या दुकानात एका कोपऱ्यात उभं राहून मी बरेचदा नुसता बघत असतो. ओळखीच्या लेखकाचं पुस्तक असेल तर माणूस ते थेट उघडतो, मधलं एखादं पान वाचतो. नाव अनोळखी असेल तर मात्र पुस्तक हातात येताक्षणी उलटं होतं. मागच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचून झालं की एकतर ते काखेत जातं, नाहीतर पुन्हा फळीवर. म्हणजे ज्या लेखकाला अजून नाव मिळालेलं नाही, त्याच्या वतीने बोलायला तेवढा शे-दीडशे शब्दांचा मजकूरच उभा असतो.

या मजकुराला आपण ब्लर्ब म्हणतो. अमेरिकन लेखक जेलेट बर्जेस याने 1907 साली आपल्या एका पुस्तकाच्या वेष्टनावर ‘बेलिंडा ब्लर्ब’ नावाची बाई छापली. ती तोंडाला हात लावून पुस्तकाची तारीफ ओरडून सांगत होती. तिच्यावरून हा शब्द रूढ झाला. मराठीत ‘पाठराखण’ असा सुंदर शब्द आहे, पण तो बहुतेक वेळा मान्यवरांच्या अभिप्रायासाठी वापरतात. मला तो दोन्हींसाठी आवडतो. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण जाते. अनोळखी घरात मुलगी बावरू नये, तिच्याबद्दल कोणी काही विचारलं तर नीट सांगावं, एवढंच तिचं काम. नवऱ्या मुलीच्या गुणांच्या खोट्या याद्या वाचणारी पाठराखीण कोणालाच नको असते.

मी संपादनाचं काम करतो आणि दरवर्षी असे काही मजकूर लिहितो. त्यातला एक इथे सविस्तर सांगतो, कारण त्याने मला सर्वात जास्त दमवलं. कादंबरी सोलापूरची, लेखिकेचं पहिलंच पुस्तक. बंद मिलच्या आसऱ्याने वाढलेल्या एका घराच्या तीन पिढ्या त्यात आहेत. लेखिकेचं आणि पुस्तकाचं नाव सांगत नाही, पण मजकूर कसा घडत गेला ते सांगायची तिने परवानगी दिली आहे.

आधी कथानक थोडक्यात. आजोबा मिलमध्ये मागावर होते, कायम कामगार. वडील त्याच मिलमध्ये बदली कामगार. बदली म्हणजे काय, हे आता नव्या वाचकाला सांगावं लागतं. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जाणारा माणूस तो बदली. पाळी सुरू व्हायच्या आधी अशी माणसं गेटावर उभी राहत. नाव पुकारलं तर आत, नाही पुकारलं तर घरी. कादंबरीतला बाप अकरा वर्षं असा उभा राहिला. नव्वदच्या दशकात मिल थांबते, बाप पॉवरलूमवर जातो, आजी आधीपासून वळत असलेल्या विड्या पुढेही वळत राहते. नात शिकते, एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंगला लागते आणि एक दिवस तिच्यापुढे त्याच मिलच्या कामगारांच्या थकीत देण्यांची यादी येते. यादीत आजोबांचं नाव आहे, बापाचं नाही. ते का नाही, हे शोधता शोधता घरातली वीस वर्षांची अबोला धरलेली गोष्ट उलगडते. कादंबरीतली मिल काल्पनिक आहे, पण शहर खरं आहे.

लेखिकेने हस्तलिखिताबरोबर स्वतःच लिहिलेला मजकूर पाठवला होता. तो असा :

‘सोलापूरच्या गिरणी संस्कृतीच्या उदयास्ताचा भव्य पट उलगडणारी ही कादंबरी तीन पिढ्यांच्या आशा-निराशा, संघर्ष आणि नातेसंबंधांचं हृदयस्पर्शी चित्रण करते. जागतिकीकरणाच्या झंझावातात उद्ध्वस्त झालेल्या कामगारांच्या वेदनेला आवाज देणारी, वाचकाला अंतर्मुख करणारी ही कलाकृती मैलाचा दगड ठरेल.’

पहिल्या पुस्तकाचा लेखक जवळजवळ नेहमी असंच लिहितो, आणि त्यात त्याची चूक नसते. तीनशे पानं त्याने इतकी जवळून पाहिलेली असतात की बाहेरून बघताना त्याला एकदम डोंगरच दिसतो आणि डोंगराला मोठेच शब्द लावावे लागतात. असा मजकूर तपासायची माझी एक साधी पद्धत आहे. त्यातलं गावाचं नाव बदलून बघायचं. मी ‘सोलापूर’ खोडून ‘हिंगणघाट’ लिहिलं, ‘गिरणी’ खोडून ‘साखर कारखाना’ लिहिलं. मजकूर जसाच्या तसा उभा राहिला, कुठेच अडखळला नाही. म्हणजे या कादंबरीबद्दल तो काहीच सांगत नव्हता. आणखी एक गोष्ट म्हणजे ‘हृदयस्पर्शी’, ‘अंतर्मुख करणारी’ हे वाचकाचे अनुभव आहेत. ते त्याने पुस्तक वाचून स्वतः घ्यायचे असतात, आपण आधीच त्याच्या तोंडी घालून चालत नाही.

‘गिरणी’ हा शब्दही मला खटकला. गिरण्या, गिरणगाव हे मुंबईचं बोलणं. सोलापुरात लोक ‘मिल’ म्हणतात. तिथली 1877 साली सुरू झालेली सर्वात जुनी कापड मिल आजही ‘जुनी मिल’ याच नावाने ओळखली जाते. लेखिकेने कादंबरीभर ‘मिल’च लिहिलं होतं. मलपृष्ठावर मात्र तिला ‘गिरणी’ जास्त साहित्यिक वाटला असावा. पुस्तकाच्या आतली भाषा आणि पाठीवरची भाषा अशी वेगळी झाली की वाचकाला पहिल्या पानावरच फसल्यासारखं होतं.

मग मी लिहायला बसलो आणि दुसऱ्या टोकाची चूक केली. तीन पिढ्या म्हटल्यावर मी सुरुवातीपासून सुरुवात केली. 1930 साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला होता. त्यानंतर चार जणांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. कादंबरीत आजोबा आपल्या वडिलांकडून ऐकलेल्या त्या दिवसांची आठवण सांगतात. मी तिथून निघालो, मिलच्या भरभराटीवर आलो, मग आजोबांचं लग्न, बापाचा जन्म, बदलीची वर्षं, मिल थांबणं, पॉवरलूम आणि शेवटी नात. दोनशे साठ शब्द झाले आणि सहा माणसांची नावं आली.

दुसऱ्या दिवशी मी ते आमच्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या बाईंना वाचून दाखवलं. त्या भरपूर वाचतात, पण ही कादंबरी त्यांनी वाचलेली नव्हती, म्हणून मुद्दाम त्यांना. वाचून झाल्यावर मी विचारलं, ‘कोणाची गोष्ट आहे?’ त्या म्हणाल्या, ‘मार्शल लॉची ना?’ कादंबरीत त्या आठवणीला मोजून बारा पानं आहेत. जे आधी लिहिलं जातं तेच पुस्तक आहे असं वाचक धरून चालतो. त्याने तो विषय मनात धरून पुस्तक घेतलं असतं आणि तेराव्या पानापासून त्याची निराशा सुरू झाली असती.

पिढ्यांच्या कादंबरीत हा धोका नेहमीच असतो. गोष्ट काळात पसरलेली असते, म्हणून मजकूरही काळाच्या क्रमाने लिहावासा वाटतो. पण मलपृष्ठावर तीन पिढ्यांना सारखी जागा देता येत नाही. एकाच माणसाच्या हातात वाचकाचा हात द्यावा लागतो, आणि तो माणूस बहुधा ज्याला काहीतरी माहीत नाही असाच असतो. वाचकालाही काही माहीत नसतं, त्यामुळे त्याची त्याच्याशी गट्टी लगेच जमते. इथे ती नात होती. आजोबांना सगळं माहीत आहे, बापाला त्याहून जास्त. त्यांच्या बाजूने सांगायला गेलो तर एकतर सगळं सांगून टाकावं लागेल, नाहीतर मुद्दाम लपवतोय असं दिसेल. नातीच्या बाजूने सांगितलं की तिचा प्रश्न आपोआप वाचकाचा होतो.

कुठे थांबायचं हा त्यापुढचा प्रश्न. माझ्या दुसऱ्या मजकुरात मी बापाच्या गुपिताकडे बोट दाखवून बसलो होतो आणि ते गुपित पान एकशे नव्वदच्या आसपास उलगडतं. लेखिकेने ते इतक्या सावकाश आणलं होतं की मलपृष्ठावर त्याचा वासही येणं हा तिच्यावर अन्याय होता. मी साधारण पहिल्या पाव भागात घडतं तेवढंच वापरायचं असं धरतो. या कादंबरीत पंचेचाळिसाव्या पानाला यादी टाइप करून संपते आणि नात शेवटचं पान पुन्हा पहिल्यापासून तपासते. तिथे थांबायचं ठरलं.

या टप्प्यावर विक्री बघणाऱ्या सहकाऱ्याने एक सूचना केली. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप, दत्ता सामंत, हे वाचकाला माहीत असतं, तर त्याचा उल्लेख कुठेतरी घालावा. सूचना कामाची होती, कारण ओळखीच्या खुंटीवर अनोळखी पुस्तक टांगणं सोपं जातं. पण मी नाही म्हटलं. त्या संपाला कादंबरीत एका परिच्छेदापलीकडे जागा नाही. शिवाय सोलापूर म्हणजे धाकटं गिरणगाव नव्हे. तिथे मागावरच्या कित्येक घरांत तेलुगू बोललं जातं, तिथल्या बायकांच्या मांडीवर विड्यांचं सूप असतं, मिल गेल्यावरही चादरी आणि टॉवेल विणणारे पॉवरलूम गल्लीगल्लीत खडखडत राहतात. मुंबईचा संप पाठीवर घेतला असता तर हे सगळं त्याच्या सावलीत गेलं असतं.

मान्यवरांच्या अभिप्रायाचाही विषय निघाला. पहिल्या पुस्तकाला मोठ्या लेखकाचे दोन शब्द मिळाले तर आधार होतो, हे खरं. याचं सर्वात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. वॉल्ट व्हिटमनने 1855 मध्ये आपला कवितासंग्रह एमर्सनला पाठवला. एमर्सनने त्याला कौतुकाचं खासगी पत्र लिहिलं, आणि 1856 च्या दुसऱ्या आवृत्तीत व्हिटमनने त्या पत्रातलं एक वाक्य एमर्सनच्या नावासकट पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापून टाकलं, तेही त्याला न विचारता. आज कोणी असं केलं तर संबंध तुटतील. आम्ही ज्येष्ठ लेखकाला संपूर्ण हस्तलिखित पाठवतो, वाचायला दीड-दोन महिने देतो आणि अभिप्रायातला कोणता तुकडा छापणार ते त्यांना आधी दाखवतो. ‘भाषा सुंदर, पण मधला भाग रेंगाळतो’ यातलं ‘भाषा सुंदर’ एवढंच उचलणं ही लबाडी आहे. या कादंबरीच्या वेळी तेवढा अवधी नव्हता, म्हणून आम्ही अभिप्राय घेतलाच नाही.

जागेचा हिशेबही सांगितला पाहिजे, कारण लिहिणाऱ्याला तो बहुतेक वेळा शेवटी कळतो. कादंबरी डेमी आकारात होती, म्हणजे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. खाली उजवीकडे आयएसबीएनच्या तेरा आकड्यांचा बारकोड, त्याच्याभोवती मोकळी पांढरी जागा, किंमत, प्रकाशनाचं चिन्ह आणि लेखिकेचा चार ओळींचा परिचय. उरलेल्या जागेत सव्वाशे ते दीडशे शब्द नीट बसतात. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं. ते आवळलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर चढतो आणि वाचणारा नकळत पुस्तक खाली ठेवतो. आमच्या चित्रकाराने मलपृष्ठ काळपट निळं ठेवून त्यावर पांढरी अक्षरं दिली होती. पडद्यावर छान दिसत होतं, पण छापून आलेल्या नमुन्यात बारीक रेषा शाईने भरून गेल्या. ‘मिल’ची वेलांटी नीट दिसेना. शेवटी पार्श्वभूमी धुवट मांजरपाटाच्या रंगाची केली आणि अक्षरं काळी.

तिसरा मजकूर मी या सगळ्या हिशेबात लिहिला. त्याची सुरुवात अशी होती : ‘मिल बंद पडली त्याला वीस वर्षं झाली. पण आजी अजून पहाटे साडेपाचलाच उठते.’ मला ती सुरुवात आवडली होती. साधी होती, घरातली होती, आणि आजीच्या उठण्यातून मिलची वेळ कळत होती. लेखिकेलाही आवडली. तिने तो मजकूर सोलापूरला वडिलांना वाचून दाखवला. तेही आयुष्यभर मागावर राबलेले, आधी मिलमध्ये आणि नंतर पॉवरलूमवर. संध्याकाळी तिचा फोन आला.

‘सर, बाबा म्हणतात, पहिलंच वाक्य चुकलंय. मिल बंद पडली नाही, बंद पाडली.’

एका कान्याचा फरक. मी म्हटलं, बदलू. तर ती म्हणाली, ‘तेही चालणार नाही. पाडली म्हटलं की कोणी पाडली ते येतं. बाबा म्हणतात मालकांनी. माझे काका म्हणतात पुढाऱ्यांनी. आणि आजी म्हणायची, पडली बाई, पडायचीच होती.’

मी कादंबरी पुन्हा काढून बसलो आणि फक्त तो शब्द शोधत पानं उलटली. तिने हे कळून केलं होतं की नकळत, मला माहीत नाही. पण तीनशे पानांत आजोबा प्रत्येक वेळी ‘पाडली’ म्हणतात, बाप प्रत्येक वेळी ‘पडली’ म्हणतो आणि नात दोन्ही टाळून ‘मिल गेल्यावर’ असं म्हणते. घरातला अबोला त्याच कान्यावर उभा होता. बापाचं नाव यादीत नसण्याचं कारणही तिथपर्यंतच जातं. मी दोन महिने ही कादंबरी संपादित करत होतो आणि मला हे दिसलं नव्हतं. मलपृष्ठावर मी ‘पडली’ लिहून बापाची बाजू घेतली होती, आणि ‘पाडली’ लिहून आजोबांची घेतली असती. कादंबरी स्वतः शेवटपर्यंत निवाडा देत नाही. तो मलपृष्ठाने देणं म्हणजे लेखिकेने न लिहिलेलं पुस्तक विकणं.

मग मिलचं बंद होणंच वाक्यातून काढलं आणि भोंगा घेतला. भोंगा वाजायचा, आता वाजत नाही, यावर घरातल्या कोणाचंच दुमत नव्हतं. छापायला गेलेला मजकूर असा :

‘पहाटे साडेपाचला भोंगा वाजला की आजी चूल पेटवायची. आता भोंगा वाजत नाही. आजी अजून साडेपाचलाच उठते.

सोलापुरातल्या एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या तिच्या नातीपुढे एक दिवस मिल कामगारांच्या थकीत देण्यांची यादी येते. यादीत आजोबा आहेत. त्यांच्या शेजारच्या मागावरचे जोडीदार आहेत, मेलेलेसुद्धा आहेत. अकरा वर्षं त्याच मिलच्या गेटावर बदलीसाठी उभे राहिलेले तिचे वडील मात्र कुठेच नाहीत.

घरात विचारावं तर आजोबा भिंतीकडे तोंड करून पडतात. वडील डबा उचलून पॉवरलूमच्या रातपाळीला निघतात. बोलते ती आजी, सुपातल्या विड्या मोजता मोजता, आणि मोजणी चुकली की मध्येच थांबते.

मिल गेल्यावर जन्माला आलेल्यांनी मिलबद्दल काय विचारावं, आणि तिथे आयुष्य घालवलेल्यांनी किती सांगावं? एका घरातल्या तीन पिढ्यांची कादंबरी.’

‘तीन पिढ्या’ हे शब्द अगदी शेवटी आले, कारण तोवर वाचक तिघांनाही भेटलेला असतो. एकाही माणसाचं नाव घेतलं नाही, कारण आजी, आजोबा, वडील ही नावं वाचकाच्या तोंडात आधीच बसलेली असतात आणि कोण कोणाचं कोण हे सांगण्यात शब्द जात नाहीत. भव्य, हृदयस्पर्शी असं एकही विशेषण नाही. ‘हिंगणघाट’ घालून बघितलं, तर आता अडतं. विड्यांपाशी अडतं, पॉवरलूमपाशी अडतं.

शेवटचा नमुना पुन्हा सोलापूरला गेला. या वेळी वडिलांनी स्वतः वाचला, चष्मा लावून, दोनदा. वडील कुठेच नाहीत या वाक्यापाशी ते जरा थांबले, असं लेखिका म्हणाली, पण त्याबद्दल काही बोलले नाहीत. बोलले ते भोंग्याबद्दल. साडेपाचचा भोंगा पहिला, माणसांना उठवायचा. त्यानंतर आणखी दोन व्हायचे, आणि गेटावर पोचायचं ते शेवटच्याला. नुसतं ‘भोंगा’ लिहिलं तर लोकांना वाटेल एकच होता.

छपाईला प्लेट जायला एक दिवस होता. पहिली ओळ आधीच काठोकाठ भरलेली होती. आम्ही लेखिकेच्या परिचयातली एक ओळ कमी केली, मजकूर किंचित वर सरकवला आणि ‘भोंगा’च्या आधी ‘पहिला’ हा शब्द घातला.